स्क्रीनशॉटमधली सारणी, वहीतली तीन उत्तरं

मित्राने व्हॉट्सअॅपवर सांख्यिकीच्या पुस्तकातल्या सारणीचा स्क्रीनशॉट पाठवलाय, खाली एकच ओळ आहे: "मध्य, मध्यक, बहुलक काढ." घाबरू नका. एक वही, पेन्सिल, खोडरबर आणि साधा कॅल्क्युलेटर घेऊन बसा. मोबाइल समोर उभा करून ठेवा. आपण एकेक पायरी बरोबरच चढू. क्रम मात्र मोडू नका, कारण पुढची प्रत्येक पायरी मागच्या पायरीत लिहिलेल्या आकड्यावर उभी आहे.

आपल्या स्क्रीनशॉटमध्ये हे दिसतंय, असं धरू:

"गावातल्या दूध संकलन केंद्रावर एका सकाळी 60 शेतकऱ्यांनी घातलेल्या दुधाची (पूर्ण लिटरमध्ये) वर्गीकृत वारंवारता सारणी खाली दिली आहे."

| दूध (लिटर) | शेतकरी |
|---|---|
| 1–5 | 4 |
| 6–10 | 11 |
| 11–15 | 18 |
| 16–20 | 1? |
| 21–25 | 9 |
| 26–30 | 5 |

चौथ्या ओळीतला आकडा धूसर आहे. 13 आहे की 18, कळत नाही. असू द्या, त्याचा बंदोबस्त आपण आठव्या पायरीत करू.

भाग 1: सारणी चित्रातून वहीत आणा

1. सारणीच्या वरचं वाक्य वाचा आणि त्यातली एकूण संख्या वहीच्या कोपऱ्यात लिहा. इथे ती 60. हिला N म्हणायचं. *जपा:* स्क्रीनशॉट फक्त सारणीचा असेल आणि वरचं वाक्य कापलं गेलं असेल, तर मित्राकडून ते वाक्य आधी मागवून घ्या. या एका आकड्यावर पुढचे सगळे ताळे अवलंबून आहेत.

2. दोन्ही रकान्यांची शीर्षकं वाचा. डावीकडे लिटर, म्हणजे वर्ग. उजवीकडे शेतकरी, म्हणजे वारंवारता. *जपा:* मुलं घाईत दोन्ही बाजू उलट धरतात. जे "किती जणांनी" सांगतं ती वारंवारता, जे "किती लिटर" सांगतं तो वर्ग.

3. उजव्या रकान्यातले आकडे वरून खाली नुसते नजरेखालून घाला. ते 4, 11, 18 असे चढून पुढे उतरताहेत, म्हणजे ही साधी वारंवारता आहे. *जपा:* आकडे शेवटपर्यंत चढतच गेले आणि शेवटचा आकडा बरोबर N एवढा निघाला, तर तुमच्यासमोर संचित वारंवारता आहे. तेव्हा प्रत्येक आकड्यातून त्याच्या वरचा आकडा वजा करा आणि साधी वारंवारता मिळवा. मगच पुढे या.

4. पहिली आणि शेवटची ओळ पूर्ण दिसते का ते बघा. *जपा:* स्क्रीनशॉटचा खालचा काठ कधी कधी शेवटच्या ओळीवरून जातो आणि एक अख्खा वर्ग गायब होतो. सारणी मधूनच तुटल्यासारखी वाटली, तर दुसरा स्क्रीनशॉट मागवा.

5. सारणी स्वतःच्या हाताने वहीत उतरवा. उजवीकडे आणखी चार रकान्यांपुरती जागा मोकळी सोडा. *जपा:* मोबाइलकडे बघत थेट गणित सुरू करू नका. स्क्रीन दोनदा काळी पडली की ओळ चुकते.

6. झूम करा आणि उतरवलेला प्रत्येक आकडा चित्राशी ताडून पाहा. *जपा:* धूसर चित्रात 3 आणि 8, 1 आणि 7, 6 आणि 0 एकमेकांसारखे दिसतात. पुस्तकात देवनागरी आकडे असतील, तर १ आणि ९ किंवा ५ आणि ६ फसवतात.

7. ज्या आकड्याची खात्री नाही, त्याभोवती पेन्सिलने गोल करा. इथे चौथ्या ओळीतल्या आकड्याभोवती. *जपा:* "13च असेल बहुतेक" म्हणून पेनाने लिहून टाकू नका.

8. खात्रीच्या वारंवारतांची बेरीज करून ती N मधून वजा करा. 4 + 11 + 18 + 9 + 5 = 47, आणि 60 − 47 = 13. म्हणजे गोलातला आकडा 13. आता तो पेनाने लिहा. *जपा:* वजाबाकीतून 13ही नाही, 18ही नाही, असं तिसरंच काही आलं, तर दुसराही एखादा आकडा चुकीचा उतरवला गेलाय. सहाव्या पायरीवर परत जा.

ही पायरी वगळली तर काय होतं, ते एकदा बघूनच घ्या. 13च्या जागी 18 लिहिलं असतं, तर सारणीत 18 दोनदा आलं असतं. सगळ्यात मोठी वारंवारता कोणती, याचाच निकाल लागला नसता आणि बहुलक अडकून पडला असता. शेतकरीही 60च्या जागी 65 झाले असते.

भाग 2: वर्ग सलग करा

9. एका वर्गाची वरची मर्यादा आणि पुढच्या वर्गाची खालची मर्यादा शेजारी शेजारी ठेवून पाहा. पहिला वर्ग 5 वर संपतो, दुसरा 6 वर सुरू होतो. मध्ये 1 ची फट आहे, म्हणजे वर्ग सलग नाहीत. *जपा:* तुमच्या सारणीत 0–5, 5–10 असं छापलेलं असेल, तर वर्ग आधीच सलग आहेत. तेव्हा दहावी आणि अकरावी पायरी सोडा आणि थेट बाराव्या पायरीवर या.

10. फटीचा अर्धा भाग काढा. 1 ÷ 2 = 0.5.

11. प्रत्येक वर्गाच्या खालच्या मर्यादेतून 0.5 वजा करा आणि वरच्या मर्यादेत 0.5 मिळवा. हे नवे वर्ग तिसऱ्या रकान्यात लिहा: 0.5–5.5, 5.5–10.5, 10.5–15.5, 15.5–20.5, 20.5–25.5, 25.5–30.5. *जपा:* आता प्रत्येक वर्ग जिथे संपतो, बरोबर तिथेच पुढचा सुरू झाला पाहिजे. कुठे फट राहिली असेल, तर तिथली वजाबाकी किंवा बेरीज करायची राहून गेली.

12. कोणत्याही एका नव्या वर्गाची वरची मर्यादा वजा खालची मर्यादा करा. 5.5 − 0.5 = 5. हे वर्गांतर. कोपऱ्यात h = 5 लिहा. *जपा:* छापलेल्या 1–5 वरून 5 − 1 = 4 असं काढू नका. 1, 2, 3, 4, 5 हे बोटांवर मोजून बघा, पाच आकडे आहेत. ही चूक उत्तरात लपून बसते.

भाग 3: मध्य

13. प्रत्येक वर्गाच्या दोन्ही मर्यादांची बेरीज करून तिला 2 ने भागा. हा वर्गमध्य. तो चौथ्या रकान्यात लिहा. पहिला: (0.5 + 5.5) ÷ 2 = 3. पुढे 8, 13, 18, 23, 28. *जपा:* दोन लागोपाठच्या वर्गमध्यांमधलं अंतर सगळीकडे h एवढंच, म्हणजे 5 यायला हवं. एखाद्या ठिकाणी ते 4 किंवा 6 आलं, तर तिथली बेरीज चुकली.

14. प्रत्येक ओळीत वर्गमध्य गुणिले वारंवारता करा आणि गुणाकार पाचव्या रकान्यात लिहा.

| सलग वर्ग | शेतकरी f | वर्गमध्य x | f × x |
|---|---|---|---|
| 0.5–5.5 | 4 | 3 | 12 |
| 5.5–10.5 | 11 | 8 | 88 |
| 10.5–15.5 | 18 | 13 | 234 |
| 15.5–20.5 | 13 | 18 | 234 |
| 20.5–25.5 | 9 | 23 | 207 |
| 25.5–30.5 | 5 | 28 | 140 |

*जपा:* 234 दोनदा आलंय म्हणून ते खोडू नका. एका ओळीत 18 × 13 आहे, दुसरीत 13 × 18. योगायोग आहे, चूक नाही. ओळीतल्या ओळीतच गुणा. वरच्या ओळीतला वर्गमध्य आणि खालच्या ओळीतली वारंवारता अशी तिरकी गाठ पडली, की पुढचं सगळं घसरतं.

15. पाचव्या रकान्याची बेरीज करा. 12 + 88 + 234 + 234 + 207 + 140 = 915. *जपा:* साध्या कॅल्क्युलेटरवर आधी स्मृती पुसा. मग `3 × 4` करून `M+` दाबा, `8 × 11` करून `M+` दाबा, असं सहाही ओळींपर्यंत करत जा. शेवटी `MR` (काही यंत्रांवर `MRC`) एकदाच दाबा. तिथेही 915 आलं, तर रकान्यातले गुणाकार आणि बेरीज दोन्ही बरोबर.

16. त्या बेरजेला N ने भागा.

```
मध्य = 915 ÷ 60 = 15.25
```

*जपा:* 60 ने भागायचं, ओळींच्या संख्येने नाही. ओळी सहा आहेत म्हणून 6 ने भागलं, तर 152.5 येतं. या केंद्रावर त्या सकाळी कोणीही 30 लिटरच्या वर दूध घातलेलं नाही, मग सरासरी दीडशे लिटर कुठून येणार?

17. उत्तराला एकक लावून ओळ पूर्ण लिहा: "मध्य = 15.25 लिटर." *जपा:* एकक "शेतकरी" नाही. आपण दुधाची सरासरी काढतोय.

प्रश्नात गृहीतमध्य पद्धत किंवा मध्यप्रमाण विचलन पद्धत मुद्दाम मागितली असेल, तर तीच वापरा. उत्तर हेच, 15.25 यायला हवं. आपण आत्ता वापरली ती सरळ पद्धत, आणि एवढ्या लहान आकड्यांना ती पुरते.

भाग 4: मध्यक

18. संचित वारंवारतेचा रकाना लिहा. पहिल्या ओळीत 4 तसंच. दुसऱ्या ओळीत 4 + 11 = 15. तिसऱ्या ओळीत 15 + 18 = 33. पुढे 46, 55, 60.

| सलग वर्ग | वारंवारता | संचित वारंवारता |
|---|---|---|
| 0.5–5.5 | 4 | 4 |
| 5.5–10.5 | 11 | 15 |
| 10.5–15.5 | 18 | 33 |
| 15.5–20.5 | 13 | 46 |
| 20.5–25.5 | 9 | 55 |
| 25.5–30.5 | 5 | 60 |

*जपा:* शेवटचा आकडा N, म्हणजे 60 यायलाच हवा. 59 किंवा 61 आला, तर पुढे पाऊल टाकू नका. बेरीज वरून परत करा.

19. N ला 2 ने भागा. 60 ÷ 2 = 30. *जपा:* वर्गीकृत सारणीत (N + 1) ÷ 2 करत बसू नका. ते सुट्या आकड्यांच्या यादीसाठी.

20. संचित रकान्यात वरून खाली या आणि 30 किंवा त्याहून मोठा आकडा पहिल्यांदा कुठे येतो तिथे थांबा. 4 लहान, 15 लहान, 33 मोठा. म्हणजे तिसरा वर्ग, 10.5–15.5. हा मध्यकीय वर्ग. पेन्सिलने त्याच्यासमोर बाण काढा. *जपा:* 30 ला जवळचा आकडा शोधू नका. 30 किंवा त्याहून मोठा असा पहिला आकडा शोधा.

21. बाणाच्या ओळीवरून चार गोष्टी एका रांगेत लिहून घ्या:

```
L = 10.5   (मध्यकीय वर्गाची खालची मर्यादा)
f = 18     (त्याच वर्गाची वारंवारता)
cf = 15    (आधीच्या वर्गाची संचित वारंवारता)
h = 5
```

*जपा:* चुका इथेच होतात, म्हणून इथे जरा रेंगाळा. L हा सलग केलेल्या वर्गातला 10.5 आहे, छापलेला 11 नाही. f बाणाच्याच ओळीतला आहे. cf मात्र एक ओळ वर जाऊन घ्यायचा, तोही संचित रकान्यातून. बाणाच्या ओळीतलं 33 उचललंत, तर 30 − 33 ऋण येतं आणि मध्यक वर्गाच्या बाहेर, 9.67 वर जाऊन पडतो.

22. सूत्र लिहा आणि त्याच्या खाली लगेच किमती भरा.

```
मध्यक = L + ((N/2 − cf) / f) × h
      = 10.5 + ((30 − 15) / 18) × 5
```

*जपा:* कंस गाळू नका. कंसाशिवाय सूत्र लिहिलं, की दोन ओळींनंतर तुम्हालाच कळत नाही आधी काय करायचं ते.

23. आधी आतला कंस सोडवा. 30 − 15 = 15.

24. त्याला f ने भागा आणि h ने गुणा. 15 ÷ 18 × 5 = 4.1666…, म्हणजे 4.17. *जपा:* भागाकार दोन दशांशावर लगेच तोडू नका. 0.83 धरून 5 ने गुणलं, तर 4.15 येतं आणि शेवटच्या आकड्यात फरक पडतो. कॅल्क्युलेटरवर न थांबता शेवटपर्यंत जा आणि मगच पूर्णांकन करा.

25. त्यात L मिळवा. 10.5 + 4.17 = 14.67. वहीत लिहा: "मध्यक = 14.67 लिटर." *जपा:* दुकानातला साधा कॅल्क्युलेटर दाबलेल्या क्रमानेच गणित करतो. `10.5 + 15 ÷ 18 × 5` असं एका दमात दाबलंत, तर तो आधी बेरीज करतो आणि 7.08 दाखवतो. मोबाइलवरच्या कॅल्क्युलेटरवर तेच दाबलं की 14.67 येतं. म्हणून साध्या यंत्रावर L नेहमी सगळ्यात शेवटी मिळवा.

26. आलेलं उत्तर मध्यकीय वर्गात बसतं का ते बघा. 14.67 हे 10.5 आणि 15.5 यांच्या मध्ये आहे. बसलं. *जपा:* उत्तर वर्गाबाहेर पडलं, तर ते नक्की चूक. वर्गात बसलं म्हणजे मात्र नक्की बरोबर असं नाही, शेवटच्या भागात ते कळेल.

भाग 5: बहुलक

27. वारंवारतेच्या रकान्यातला सगळ्यात मोठा आकडा शोधा. इथे 18, वर्ग 10.5–15.5. हा बहुलकीय वर्ग. *जपा:* साध्या वारंवारतेचा रकाना बघा, संचित नव्हे. संचित रकान्यात सगळ्यात मोठा आकडा नेहमी शेवटचाच असतो. आणि इथे मध्यकीय आणि बहुलकीय वर्ग एकच निघाला, म्हणून दर वेळी तसंच होईल असं समजू नका. दोन्ही वेगवेगळे शोधा.

28. पाच किमती लिहून घ्या:

```
L = 10.5
f1 = 18   (बहुलकीय वर्गाची वारंवारता)
f0 = 11   (त्याच्या आधीच्या वर्गाची)
f2 = 13   (त्याच्या नंतरच्या वर्गाची)
h = 5
```

*जपा:* मघाशी "आधीचा वर्ग" म्हणून 15 घेतलं होतं, आता 11 घेतोय. ओळ तीच आहे, रकाना वेगळा आहे. मध्यकाला संचित लागते, बहुलकाला साधी. मोठी वारंवारता पहिल्याच ओळीत असेल, तर f0 = 0 धरा. शेवटच्या ओळीत असेल, तर f2 = 0 धरा.

29. अंशाची वजाबाकी करा. f1 − f0 = 18 − 11 = 7.

30. छेद वेगळ्या ओळीत काढा. 2f1 − f0 − f2 = 36 − 11 − 13 = 12. *जपा:* f0 आणि f2 दोन्ही वजाच करायचे. घाईत 36 − 11 + 13 होतं आणि छेद 38 येतो.

31. सूत्रात दोन्ही भरा आणि शेवटपर्यंत सोडवा.

```
बहुलक = L + ((f1 − f0) / (2f1 − f0 − f2)) × h
      = 10.5 + (7 / 12) × 5
      = 10.5 + 2.92
      = 13.42
```

वहीत लिहा: "बहुलक = 13.42 लिटर." *जपा:* नुसतं "18" किंवा नुसतं "11–15" हे उत्तर नाही. 18 ही शेतकऱ्यांची संख्या आहे, आणि बहुलक लिटरमध्ये हवा.

32. उत्तर कोणत्या बाजूला झुकलंय ते बघा. नंतरच्या वर्गात 13 शेतकरी आहेत, आधीच्या वर्गात 11. म्हणजे बहुलक वर्गाच्या मधल्या 13 पेक्षा किंचित पुढे हवा. 13.42 पुढेच आहे. *जपा:* बहुलक कमी वारंवारतेच्या शेजाऱ्याकडे झुकलेला दिसला, तर f0 आणि f2 यांची अदलाबदल झाली आहे.

भाग 6: शेवटचा ताळा

33. तिन्ही उत्तरं लहानाकडून मोठ्याकडे एका ओळीत लिहा: बहुलक 13.42, मध्यक 14.67, मध्य 15.25. *जपा:* अशा एकाच शिखराच्या सारणीत मध्यक बहुधा मध्ये येतो. तो एखाद्या टोकाला गेला असेल, तर भाग 4 एकदा परत तपासा.

34. मध्यकाची तिप्पट घ्या आणि तिच्यातून मध्याची दुप्पट वजा करा. 3 × 14.67 = 44.01, 2 × 15.25 = 30.50, वजाबाकी 13.51. ती बहुलकाच्या 13.42 च्या जवळ आली, म्हणजे गाडी रुळावर आहे. *जपा:* हा अंदाजी ताळा आहे, उत्तर नव्हे. दशांशातल्या फरकाने घाबरू नका, पण चार-पाच लिटरचा फरक आला तर तिन्ही भाग पुन्हा बघा. आणि सूत्राने काढलेला बहुलक खोडून तिथे 13.51 लिहू नका.

35. तिन्ही उत्तरांभोवती चौकट करा. *जपा:* दोन दशांश पुरेत. कोणत्या शेतकऱ्याने नेमकं किती दूध घातलं ते सारणी सांगत नाही, फक्त वर्ग सांगते. म्हणून 14.666667 लिहून आपण जास्त अचूक होत नाही.

पुस्तकामागचं उत्तर जुळलं नाही तर

आता पुस्तकाच्या शेवटची उत्तरं उघडा. तुमचं उत्तर वेगळं आलं असेल, तर गणित पहिल्यापासून करू नका. उत्तरच सांगतं, पाय कुठे घसरला ते.

- मध्य 13.25 आला: वर्गमध्याऐवजी वर्गाची छापलेली खालची मर्यादा धरली. 17.25 आला तर वरची धरली. पायरी 13 बघा.
- मध्यक 15.17 किंवा बहुलक 13.92 आला: L म्हणून 10.5 ऐवजी 11 घेतलं. उत्तर बरोबर अर्ध्या लिटरने पुढे सरकलं. पायरी 11 बघा.
- मध्यक 13.83 किंवा बहुलक 12.83 आला: h म्हणून 4 घेतलं. ही दोन्ही उत्तरं वर्गात अगदी छान बसतात, म्हणून पायरी 26 ची नजर त्यांना पकडत नाही. पायरी 12 बघा.
- बहुलक 12.38 आला: f0 म्हणून संचित रकान्यातलं 15 उचललं. पायरी 28 बघा.
- मध्य 15.46 आणि बहुलक बरोबर 15.5 वर, वर्गाच्या काठावर: धूसर 13 ला 18 वाचलं. पायरी 8 बघा.

शेवटच्या दोन गोष्टी तुमच्या सारणीत आहेत का तेही पाहून घ्या. शेवटचा वर्ग "26 व त्याहून अधिक" असा उघडा असेल, तर त्याचा वर्गमध्य निघत नाही. तिथे मध्य काढायला वरची मर्यादा प्रश्नानेच सांगायला हवी. मध्यक आणि बहुलक मात्र निघतात, जर त्यांचे वर्ग त्या उघड्या ओळीत नसतील आणि बहुलकीय वर्गाच्या शेजारीही तो उघडा वर्ग नसेल. आणि वर्ग एकसारख्या रुंदीचे नसतील, एक 5 चा आणि एक 10 चा, तर मध्य आणि मध्यक याच पायऱ्यांनी काढा. मध्यकासाठी h म्हणून मध्यकीय वर्गाचीच रुंदी घ्या. बहुलकाचं सूत्र मात्र तिथे लावू नका, कारण रुंद वर्गात जास्त शेतकरी नुसत्या रुंदीमुळेच गोळा होतात.

तिन्ही उत्तरं जुळली का? मग वहीच्या पानाचा सरळ, उजेडात, चारही कोपरे दिसतील असा फोटो काढा आणि मित्राला पाठवा. पाठवण्याआधी झूम करून 13 नीट वाचता येतंय ना, ते बघा.